शर्मिष्ठाबाईंचा हरवलेला अंगठा

शर्मिष्ठा तोंडवळकर ही मुलुंडमधली सगळ्यात बडबडी बाई आहे, असं तिचा नवरा चंद्रप्रकाश सांगतो. सांगतो ते हातांनीच, कारण दोघांनाही ऐकू येत नाही. शर्मिष्ठाबाई बोलायला लागल्या की कुकरच्या शिट्ट्या होऊन जातात, दूध उतू जातं, दारावरचा माणूस कंटाळून निघून जातो. यातलं काहीच त्यांना ऐकू येत नाही हे खरं, पण ऐकू आलं असतं तरी त्या थांबल्या असत्या असं त्यांच्या मुलीला वाटत नाही.

मुलगी अक्षता. तिला ऐकू येतं. त्यामुळे वयाच्या चौथ्या वर्षापासून ती घरची दुभाषी. या गोष्टीत शर्मिष्ठाबाई जे जे बोलतात ते हातांनी बोलतात, आणि ऐकणाऱ्यांपर्यंत ते अक्षताच्या तोंडून पोचतं, हे एकदा लक्षात ठेवलं म्हणजे पुढे अडचण नाही.

बाईंची जिवलग मैत्रीण दर्शना समोरच्या विंगमध्ये राहते. तीही कर्णबधिर. दोघींच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर, त्यामुळे सकाळची भाजी निवडताना दोघींच्या गप्पा मधल्या मोकळ्या जागेतून चालतात. फोन नाही, हाका नाहीत, की कुणाची झोपमोड नाही. सोसायटीत नव्याने आलेल्या एका गृहस्थांनी सेक्रेटरींकडे चौकशी केली होती, की या दोघी रोज सकाळी कसला व्यायाम करतात आणि त्याचे वर्ग कुठे असतात.

बाईंचं बालपण विक्रोळीला, कंपनीच्या क्वार्टर्समध्ये गेलं. वडील कारखान्यात फिटर. दोन वर्षांच्या असताना ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. आई दारात बसून शेजारणीला विचारायची, "ह्या चेडवाचा कसा होतला गो?" चेडवाला, म्हणजे पोरीला, ते ऐकू येत नव्हतं, म्हणून ती मजेत होती. पुढे शाळा मिळाली ती कर्णबधिरांची, पण तिथे वर्गात हात हलवायला बंदी. हात मागे बांधायचे आणि शिकवणाऱ्या बाईंच्या ओठांकडे बघायचं. खरी भाषा शर्मिष्ठा शिकली ती मधल्या सुट्टीत, मोठ्या मुलींकडून, आणि त्यातही आधी शिव्या शिकली. पुढे तिने घाटकोपरच्या एका ऑफिसात टायपिंगची नोकरी केली. हल्ली संध्याकाळी तिथल्याच एका छोट्या केंद्रात ती सांकेतिक भाषा शिकवते. कर्णबधिर मुलांचे आईवडील येतात, बँकेतली माणसं येतात. वर्गात हात मागे बांधून बसलेला कुणी दिसला की बाई त्याच्या हातावर पट्टी मारतात.

त्या केंद्राला लागूनच डॉक्टर रत्नप्रभा देवस्थळींची पॅथॉलॉजी लॅब. केंद्रातली मंडळी रक्त तपासायला तिथेच जायची आणि काउंटरवर चिठ्ठ्याचपाट्यांचा खेळ चालायचा. डॉक्टरीणबाईंना तो बघवेना. लॅबची वेबसाइट होती. तिच्यावर सगळी माहिती सांकेतिक भाषेतही द्यायची, असं त्यांनी ठरवलं. शर्मिष्ठाबाई तयारच होत्या. वेबसाइट सांभाळणाऱ्या सुबोध पालवला डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं.

"एकच अट," त्या म्हणाल्या. "टीव्हीच्या बातम्यांत कोपऱ्यात डबी असते आणि डबीत बाई असते, तसं मला नकोय. शर्मिष्ठाबाई पानावरच उभ्या दिसल्या पाहिजेत. मजकुराच्या शेजारी. जणू आपल्याच काउंटरला टेकून बोलताहेत."

"म्हणजे मागचं सगळं पारदर्शक," सुबोध कान खाजवत म्हणाला. "होईल."

सुबोध वेबसाइटी आणि छोटे व्हिडिओ दोन्ही करतो. विक्रोळीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा गाळा आहे. आधी तिथे रबराचे वॉशर बनायचे. तो वास अजून भिंतींत आहे आणि उन्हाळ्यात बाहेर येतो. गाळ्याच्या एका टोकाला त्याने हिरवा पडदा लावलाय. हिरवाच का, तर माणसाच्या कातडीत हिरवा रंग जवळपास नसतो. कॉम्प्युटरला सांगायचं, की या चित्रातलं जे जे हिरवं आहे ते काढून टाक. पडदा जातो, माणूस उरतो.

शूटिंगच्या आदल्या दिवशी त्याने अक्षताला मेसेज केला होता: "काकूंना सांग, हिरवं काही घालू नका."

शर्मिष्ठाबाई आल्या त्या मरून साडीत. ब्लाउज मरून, टिकली मरून. आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा.

सुबोधचा हात कानामागे गेला. "अक्षता, अगं, मी हिरवं नको म्हटलं होतं ना?"

"भाचीचं लग्न होतं परवा," अक्षता म्हणाली. "आणि मला वाटलं तू साडीबद्दल बोलतोयस."

"मग काढ म्हणावं. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

अक्षताने हे आईला सांगितलं. आईने दोन्ही हात पुढे केले. कासाराने साबणाचं पाणी लावून, बोटं दाबून दाबून चढवलेला चुडा तो. निघणार नव्हता.

"वाढवायच्या म्हणतोय का तो?" बाईंनी विचारलं. "लग्नातला चुडा? एका पडद्यासाठी? त्याला म्हणावं, पडदा वाढव."

तरी एकदा बघू तर खरं, म्हणून सुबोधने मिनिटभर शूट केलं आणि हिरवं काढून दाखवलं. पडदा गेला, आणि पडद्याबरोबर चुडाही गेला. कोपरापर्यंत हात होता, मग काहीच नव्हतं, आणि त्या काहीच-नाहीच्या पलीकडे दोन पंजे हवेत तरंगत नमस्कार करत होते.

शर्मिष्ठाबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. मग उठून त्यांनी मुद्दाम पडद्यासमोर भुतासारखे हात नाचवले, आपल्याच पंज्यांनी लांबून आपलेच गाल ओढले, आणि ते फोनवर घेऊन दर्शनाला पाठवलं. दर्शनाचं उत्तर आलं, "हे अमावस्येला लाव."

याच दिवशी बाईंनी सुबोधला नाव दिलं. कर्णबधिर मंडळी माणसाला अक्षरं जुळवून हाक मारत बसत नाहीत. प्रत्येकाची काहीतरी खूण पकडतात आणि तेच त्याचं नाव होतं. बाईंनी कानामागे बोट नेऊन दोनदा खाजवलं. सुबोधला आधी फार बरं वाटलं. मग अक्षताने अर्थ सांगितला.

आता पेच असा, की चुडा राहणार आणि पडदा चालणार नाही. सुबोधने सोपा रस्ता धरला. हल्ली अशी सॉफ्टवेअर आलीत, की त्यांना रंगाचा पडदा लागतच नाही. माणूस कुठला आणि भिंत कुठली, हे ती आपली आपणच ओळखतात आणि भिंत पुसतात. सुबोधने पडदा बाजूला सारला, बाईंना गाळ्याच्या पांढुरक्या भिंतीसमोर उभं केलं आणि सगळं शूटिंग उरकलं. नमस्कार, लॅबचा पत्ता, अपॉइंटमेंट कशी घ्यायची, रिपोर्ट किती वाजता मिळतो, कुठल्या तपासणीला उपाशी यायचं, वगैरे. बाई झरझर बोलत गेल्या. दुपारी सॉफ्टवेअरने भिंत पुसली. चुडा जागेवर, साडी जागेवर. सुबोध खूश.

त्याने एक फाइल बनवली आणि डॉक्टरीणबाईंना व्हॉट्सअॅपवर पाठवली. लगेच फोन आला.

"सुबोध, मागे काळं का?"

"मॅडम, काळं नाहीये. तिथे काहीच नाहीये."

"मला काळं दिसतंय."

सुबोधने समजावलं. साध्या व्हिडिओत प्रत्येक ठिपक्याची तीन प्रकारची माहिती असते: लाल किती, हिरवा किती, निळा किती. पारदर्शक व्हिडिओत चौथी माहिती लागते, की हा ठिपका दिसायचाय किती. पूर्ण, अर्धा, की मुळीच नाही. त्या चौथीला अल्फा म्हणतात. आणि रोजच्या वापरातली एमपीफोर फाइल ही चौथी माहिती ठेवतच नाही. व्हॉट्सअॅपने जाताजाता त्याच्या फाइलची तशी साधी फाइल केली होती. दिसायचं नव्हतं ते सगळं काळं झालं.

"मग वेबसाइटवर?"

"तिथे मी वेबएम नावाची फाइल टाकतो. तिच्यात अल्फा राहतो. क्रोममध्ये बघा तुम्ही, झकास दिसेल."

झकास दिसलंही. लॅबच्या कॉम्प्युटरवर शर्मिष्ठाबाई पानाच्या उजव्या कोपऱ्यात तपासण्यांच्या यादीशेजारी उभ्या होत्या आणि त्यांच्या चुड्याच्या फटींतून मागची फिकट निळी पट्टी दिसत होती. डॉक्टरीणबाईंनी कौतुकाने आपला आयफोन काढला, तिथे बघितलं, आणि पुन्हा फोन केला.

"परत काळं. आता तर शोकसभेतल्यासारख्या दिसताहेत त्या."

सुबोधने कानामागे इतकं खाजवलं की कान लाल झाला. आयफोनचा ब्राउझर वेबएम फाइल चालवतो, पण तिच्यातला अल्फा वाचत नाही. त्याला पारदर्शकपणा हवा तर वेगळ्या जातीची फाइल लागते, एचईव्हीसी नावाची. म्हणजे एकाच बाईच्या दोन फायली. सुबोधकडे भरपूर जागा खाणारी मूळ प्रत होती. प्रोरेस म्हणतात त्या प्रकारातली, अल्फासकट. तिच्यावरून त्याने दुसरी फाइल काढली आणि पानावर दोन्ही लावल्या. तरी आयफोनवर काळंच. मग त्याच्या लक्षात आलं, की ब्राउझर यादीतली आपल्याला चालेल अशी पहिली फाइल उचलतो, पुढे बघतच नाही. वेबएम पहिली होती, आयफोनने तीच उचलली. सुबोधने क्रम उलटा केला. आयफोनची आधी, वर ती कुठल्या जातीची त्याचं लेबल. क्रोमला ते लेबल ओळखीचं नाही, तो तिला ओलांडून दुसरीकडे जातो. दोघांचंही भागलं.

एक शेवटची गोष्ट राहिली होती. व्हिडिओला आवाज नाही असं पानावर लिहून दिल्याशिवाय फोन तो आपणहून चालू करेनात. हे अक्षताने घरी सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "माझं सर्टिफिकेट आहे म्हणावं. झेरॉक्स पाठवू?"

पान सुरू झालं. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंचा तक्रारीचा फोन. अपॉइंटमेंटचं बटण दाबलं जात नाही. सुबोधने बघितलं तर बाईंच्या डाव्या खांद्याच्या वर, जिथे नुसती मोकळी जागा दिसत होती, नेमकं तिथे बटण होतं. बाई दिसत तेवढ्याच होत्या, पण व्हिडिओ मुळात चौकोनीच होता. न दिसणारी चौकोनाची बाजू बटणावर काचेसारखी बसली होती आणि सगळी बोटं त्या काचेवर आपटत होती. सुबोधने एक ओळ लिहून व्हिडिओला सांगितलं, की तू बोटं अडवू नकोस, खाली जाऊ दे. बटण चालू झालं. आता सुटलो, असं त्याला वाटलं.

पुढल्या आठवड्यात लॅबच्या बाकांवर दुपारी चार वाजता केंद्रातली माणसं येऊन बसायला लागली. रिपोर्ट पाचला मिळतात. मंडळी चारला हजर. कुणाची काही तक्रार नाही. उलट मजाच. एरवी एकमेकांना क्वचित भेटणारी माणसं तासभर समोरासमोर बसलेली, मग काय, हात थांबतच नव्हते. बाकांवरचे इतर पेशंट अंग चोरून बसत, कारण कुणाची गोष्ट रंगात आली की कोपर लागायचं. काउंटरवरच्या राजेशला एवढ्या गर्दीत एवढी शांतता आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती, तोही काही बोलला नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, कट्टा भरलेला बघितला, घड्याळ बघितलं आणि बुचकळ्यात पडल्या.

खुलासा झाला तो मुलुंडला, दोन खिडक्यांच्या मध्ये.

दर्शना वांगी चिरत होती. शर्मिष्ठाबाई समोर मेथी निवडत होत्या.

"काल लॅबमध्ये मजा आली," दर्शना म्हणाली. "पण रिपोर्ट पाचलाच मिळाला."

"पाचलाच मिळतो."

"तू चार सांगितलंस."

"मी पाच सांगितलं."

"चार!" दर्शनाने सुरी ठेवून चार बोटं दाखवली.

"पाच!" बाईंनी अख्खा पंजा खिडकीच्या गजांतून बाहेर काढला. मेथी खाली गेली.

"चार! पानावर पाच लिहिलंय, पण तू चार म्हणालीस. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आपल्या लोकांना एक तास आधी देतात. सवलत!"

"मी? मी चुकीची वेळ सांगेन?"

चार, पाच, चार, पाच. खालून जाणारे सेक्रेटरी मान वर करून थांबले. कसला तरी लिलाव चाललाय असं त्यांना वाटलं असावं. शेवटी बाईंनी खिडकी लावून घेतली, म्हणजे त्यांच्या भाषेत फोन आपटला. अक्षताला झोपेतून उठवलं आणि लॅपटॉप उघडायला लावला. बाईंनी आजवर तो व्हिडिओ चंद्रप्रकाशच्या तडा गेलेल्या फोनवर, बोटभर आकारात बघितला होता. आता मोठ्या पडद्यावर अक्षताने तो तुकडा हळूहळू पुढे सरकवला. बाई मनगटावर टिचकी मारतात, म्हणजे वेळ. मग पंजा झटक्यात वर येतो. पहिलं बोट, दुसरं, तिसरं, चौथं. आणि अंगठ्याच्या जागी मागच्या तपासण्यांच्या यादीतला 'थायरॉइड' हा शब्द.

बाईंनी लॅपटॉप मिटला. मग त्यांनी साडी बदलली. "चल. कानखाज्याकडे."

सुबोधच्या गाळ्यात त्या शिरल्या तेव्हा त्याला काही सांगावं लागलं नाही. बाईंनी अंगठा मुठीत लपवून चार बोटं त्याच्या नाकासमोर धरली, आणि मग दुसऱ्या हाताने विचारलं, "पाचवं कुठाय?"

सुबोधने मूळ शूटिंग काढलं. त्यात अंगठा होता, पण नीट नव्हता. हात इतक्या झपकन वर आला होता की अंगठ्याची फक्त फिकट रेघ उमटली होती, आणि मागे भिंत तशीच पांढुरकी. सॉफ्टवेअरला ती रेघ भिंतीचाच भाग वाटली आणि त्याने भिंतीबरोबर ती पुसली.

"हे बघा, काकू," म्हणत त्याने एक कळ दाबली. पडद्यावर रंग गेले. काळ्याभोर पडद्यावर शर्मिष्ठाबाईंची पांढरी आकृती उरली. ना डोळे, ना टिकली, ना चुडा. "हा नुसता अल्फा. पांढरं म्हणजे दिसणार, काळं म्हणजे नाही दिसणार. मधे करडं आहे ते अर्धवट दिसणार."

बाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांची ती पांढरी सावली बोलत होती आणि त्या तिचं बोलणं वाचत होत्या. मधेच हात वर करत. थांब. इथे करंगळी गेली. पुढे चल. थांब. इथे बोटं चिकटली, हे बदकासारखं झालं. सुबोध प्रत्येक जागी खूण करत गेला. खुणा वाढत गेल्या तसा तो खुर्चीत खाली सरकत गेला.

"आणि हे करडं काढून टाक," बाईंनी फर्मावलं. "अर्धवट काय दिसायचं? बोट आहे नाहीतर नाही."

"काकू, करडं लागतं."

"काढ म्हणते ना."

सुबोधने वाद घातला नाही. करडं सगळं पांढरं करून टाकलं आणि बाईंना पानावर उभं केलं. कात्रीने कापून पुठ्ठ्यावर चिकटवल्यासारख्या दिसायला लागल्या त्या. केसांचं टोपलं झालं. बोटांच्या कडा दातेरी होऊन थरथरत होत्या, आणि प्रत्येक हालचालीबरोबर भिंतीचा एक पांढुरका तुकडा हाताला लटकून येत होता.

अक्षता हसायला लागली. "मम्मी, रामलीलेतला रावण."

बाईंनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. थोडा वेळ स्वतःच्या केसांना हात लावून बघितला, मग पडद्याकडे बघितलं. "बरं. केसांना करडं ठेव," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "हातांनाही ठेव. पण अंगठा पाहिजे."

"अंगठा हवा तर परत शूट करावं लागेल," सुबोध म्हणाला. "एकेक चित्र हाताने रंगवत बसलो तर माझी साठी येईल. काकू, थोडं हळू बोलाल?"

अक्षताने हे सांगायला हात उचलले आणि परत खाली ठेवले. "हे मी नाही सांगणार. तू सांग."

सुबोधने स्वतःच हातांनी 'हळू'चा अभिनय केला. बाईंनी उत्तर दिलं ते त्याला दुभाष्याशिवाय कळलं.

मग तोडगा निघाला तो असा. बाई हळू बोलणार नाहीत, तर कॅमेऱ्याचं शटर जास्त झटपट मिटवायचं, म्हणजे हात पुसट येणार नाही. तसं केलं की चित्र अंधारतं, म्हणून दिवे वाढवायचे. आणि चुडा हिरवा म्हणून पडदा निळा. हे आधीच सुचायला हवं होतं, असं सुबोध म्हणाला. अक्षताने ते आईला सांगितलं नाही, पण आईने ओठ वाचले.

निळ्या कापडाची जबाबदारी चंद्रप्रकाशने घेतली. तो शिलाईचं काम करतो, कापड हा त्याचा विषय. त्याने पहिल्यांदा आणलं ते चकचकीत सॅटिन, मंडपवाल्याकडचं, कारण ते त्याला देखणं वाटलं. दिवे लागले तसं त्यावर जागोजागी पांढरे झोत उठले. सुबोध म्हणाला, चमक नको, सगळीकडे एकसारखा मिळमिळीत निळा हवा. चंद्रप्रकाशला मिळमिळीत कापड आणायचं म्हणजे कमीपणा वाटला. तरी त्याने साधं सुती आणलं, दोन पट्टे जोडून शिवले, आणि सुरकुतीची सावली पडू नये म्हणून गाळ्यातच जमिनीवर बसून सगळं इस्त्री केलं. इतकं कडक, की पडदा टांगल्यावर त्याला कुणी हात लावला तर तो लावणाऱ्याचा हात बाजूला करायचा.

दुसरं शूटिंग. बाई पडद्यापासून चांगल्या दूर उभ्या राहिल्या, आणि पहिल्यापेक्षाही भरभर बोलल्या. मुद्दाम. सुबोधने निळं काढलं. अल्फा बघितला. पाच बोटं, पाचही पांढरी. चुडा जिथल्या तिथे. पण रंगात बघितल्यावर बाईंनी भुवया चढवल्या. "माझ्या केसांना नीळ दिली का याने?"

कानशिलावरचे पांढरे केस निळसर झाले होते, धुतलेल्या बनियनसारखे. पडद्याचा उजेड उलटून केसांवर पडला होता. तो रंग काढायचं वेगळं काम असतं. सुबोधने ते केलं. जरा जास्तच केलं, तर केस पिवळट झाले. मग पाठीमागे उभ्या बाई बोटाने 'थोडं इकडे, थोडं तिकडे' करत राहिल्या, आणि केस त्यांच्या वयाचे झाल्यावर म्हणाल्या, "बस."

या वेळी पानावर टाकण्याआधी सुबोधने मोठ्या पडद्यावर, आयफोनवर, साध्या फोनवर आणि चंद्रप्रकाशच्या तडा गेलेल्या फोनवरही दाखवलं. दर्शनालाही बोलावलं होतं. तिने पूर्ण बघितलं, डोळे बारीक करून परत बघितलं, आणि शर्मिष्ठाबाईंकडे वळून म्हणाली, "पाच. पण मला चारच बरं वाटत होतं."

मंडळी पाचला यायला लागली. काही जण तरी चारलाच येतात, आता सवयीने. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यासाठी एक बाक वाढवून घेतला.

बाईंना मात्र उपनगरात थोडी कीर्ती मिळाली. घाटकोपरच्या बाजारात एका अनोळखी बाईने त्यांना निरखून बघितलं आणि हाताने फुटभर उंची दाखवली. तुम्ही त्याच ना, एवढ्याशा? मुलुंडच्या एका दातांच्या दवाखान्याने विचारणा केली, मग एका नाट्यगृहाने. बाईंनी सगळीकडे अट घातली, की सुबोधच हवा आणि वेबसाइटवर जाण्याआधी अल्फा मला दाखवायचा. नाट्यगृहाच्या मॅनेजरला अल्फा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. बाईंनी कागदावर पांढरी बाई आणि काळा पडदा काढून त्याला समजावलं.

परवा त्या स्वतः डॉक्टर देवस्थळींच्या लॅबमध्ये गेल्या. शुगर तपासायला. अक्षता बरोबर नव्हती, म्हणून त्यांनी सवयीने पर्समधून चिठ्ठी काढली. काउंटरवरच्या राजेशने चिठ्ठीकडे बघितलं नाही. काउंटरच्या स्क्रीनवर दिवसभर शर्मिष्ठाबाईच बोलत असतात, आणि राजेशला दिवसभर दुसरं काही बघायला नसतं. त्याने खुर्ची मागे सारली, दोन्ही बाह्या वर केल्या, आणि पोटावर हात ठेवून, घास तोंडाकडे नेऊन, भुवया उंचावून विचारलं: काही खाल्लंय?

बाई चकित झाल्या. शिकवणारीचं मन, आधी त्यांनी त्याचं कोपर खाली केलं, बोटं जुळवून दिली, आणि परत करून दाखव म्हणाल्या. राजेशने परत केलं. आता बरोबर. बाईंनी शाबासकी दिली.

"नाही," मग त्यांनी उत्तर दिलं. "काही नाही."

राजेश काउंटरवरून पुढे झुकला. बाईंच्या पदराकडे बोट दाखवलं. पदरावर खारी बिस्किटाचा चुरा होता.

शर्मिष्ठाबाईंनी चुरा झटकला. राजेशने हात वर केला, आणि सावकाश, एकेक बोट मोजत, अंगठा अगदी ठळक बाहेर काढून सांगितलं: उद्या. सकाळी. उपाशी. खारी नाही. चहासुद्धा नाही.